तिच्या अहवालावर तुमची सही

प्रश्न : वकील मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. वय 33, अविवाहित. शाखेत आम्ही सहाजण. पाच महिन्यांपूर्वी एक मुलगी कनिष्ठ लिपिक म्हणून प्रोबेशनवर रुजू झाली. मी तिला चहाला विचारलं. दोनदा 'बघू सर' म्हणाली, तिसऱ्यांदा आली. नंतर आम्ही दोनदा सागरेश्वरला जाऊन आलो. मला तिच्याशी लग्न करायचंय, तिलाही मान्य आहे असं वाटतं. दोन आठवड्यांत तिला कायम करण्याचा अहवाल मला मुख्य कार्यालयाला पाठवायचाय. शाखेत कुजबुज आहे, रोखपाल काका तिला 'वहिनी' म्हणून हाक मारतात. यात काही गुन्हा होतो का? अहवाल मी लिहू का? आणि हे ऑफिसला सांगायचं की लग्न ठरेपर्यंत गप्प बसायचं?

उत्तर : गुन्हा होत नाही. एका कार्यालयातल्या दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना पसंत करू नये, असा कायदा आपल्याकडे नाही. नवराबायकोंना एका शाखेत ठेवण्याबद्दल तुमच्या संस्थेच्या सेवानियमांत काही असू शकतं, तेवढी प्रत मागवून वाचा.

पण तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांपाशी मी थांबले. एक 'वाटतं' आणि दुसरा 'बघू'. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्याला आपण 'बघू' म्हणतो. तोंडावर 'नाही' म्हणणं जड जातं, म्हणून तो शब्द आहे. आणि ज्याच्या सहीवर नोकरी टिकायची त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणं तर फारच जड. तिसऱ्यांदा ती आली ती चहासाठी, तुमच्यासाठी की अहवालासाठी, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही. कदाचित तिलाही नीट सांगता येणार नाही. ती मनापासून आली असेलही, पण तसं धरून चालू नका.

कायदा नेमका इथेच बोट ठेवतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 सालचा आहे. 1997 च्या विशाखा निकालामुळे आपल्याकडे अजूनही सगळे त्याच्या समितीला 'विशाखा समिती' म्हणतात, कागदावर तिचं नाव अंतर्गत समिती. त्या कायद्याच्या व्याख्येतला कळीचा शब्द आहे 'नकोसं' वर्तन, मग ते थेट असो वा आडून. कलम 3 पुढे सांगतं की अशा वर्तनाच्या जोडीला नोकरीत झुकतं माप देण्याचं आश्वासन असेल, किंवा नोकरीच्या आजच्या-उद्याच्या स्थितीबद्दल धमकी असेल, तर तो छळ ठरू शकतो. आश्वासन उघडच द्यावं लागतं असं नाही, सूचित असलं तरी चालतं. आता प्रोबेशनवरच्या मुलीला तिचा अहवाल लिहिणारा साहेब सारखा चहाला बोलावतोय, यातलं सूचित काय ते तुम्हीच वाचा. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला मान्य आहे. पण समितीसमोर आधी वर्तन नकोसं होतं का हे पाहिलं जातं, तुमचा हेतू चांगला होता एवढ्यावर सुटका होत नाही.

मी काही संस्थांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रकरण सांगते. एका कारखान्याच्या कार्यालयातला स्टोअरचा अधिकारी आणि त्याच्या हाताखालची प्रशिक्षणार्थी. सात-आठ महिने दोघांचं जमलेलं होतं, ती स्वतःच्या मर्जीने त्यात होती आणि तिने ते जबाबातही लपवलं नाही. मग तिने संबंध तोडले. पुढच्या महिन्यात तिची कामाची पाळी बदलली. अर्ध्या दिवसाच्या रजेचे दोन अर्ज 'कामाचा ताण' असा शेरा मारून नाकारले गेले. रात्री साडेदहानंतर 'एकदा बोल ना' असे मेसेज येत राहिले. शेवटी अहवालात आलं, 'कामात लक्ष नाही'. चौकशीत त्या अधिकाऱ्याने बचावासाठी काय दिलं असेल? गणपतीपुळ्याच्या सहलीचे फोटो. दोघंही हसताहेत. ते फोटो जानेवारीचे होते आणि तक्रार जूनची होती. जानेवारीतली संमती जूनमध्ये चालत नाही. आमच्यापुढचा प्रश्न होता तो तिने नको म्हटल्यानंतर काय झालं याचा, आणि त्याचं उत्तर त्याच्याच शेऱ्यांत आणि मेसेजांत होतं. समितीने त्याची वेतनवाढ रोखण्याची आणि तिचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने नव्याने लिहिण्याची शिफारस केली.

मला त्या माणसाबद्दल आजही असं वाटतं की त्याने संबंध सुरू झाले त्याच आठवड्यात तिचा अहवाल दुसऱ्याकडे सोपवला असता, तर त्याचं रागावणं, रडणं, एखादा मेसेज करणं हे सगळं निव्वळ प्रेमभंगात मोडलं असतं. रजेचं आणि शेऱ्याचं पेन हातात राहिलं, म्हणून ते प्रकरण समितीपुढे आलं.

तेव्हा अहवाल तुम्ही लिहू नका. चांगलाही नको. चांगला लिहिलात तर तिची कायम नोकरी आयुष्यभर 'साहेबांच्या कृपेची' ठरेल, आणि तिच्याबरोबर दुसरं कुणी प्रोबेशनवर असेल तर त्याला तक्रारीला जागा मिळेल. शिवाय शाखेत आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली नसावी. ती व्हाउचर तयार करते आणि तुम्ही पास करता. तिजोरीच्या दोन चाव्यांपैकी एखादी कधी तिच्याकडे येत असेल. दोन हात ठेवलेत ते एकाने दुसऱ्यावर डोळा ठेवावा म्हणून. ते दोन हात एका घरचे झाले की उद्या शंभर रुपयांचा फरक आला तरी लेखापरीक्षक आधी तुम्हा दोघांकडे बघेल.

आता क्रम. सर्वांत आधी तिच्याशी बोला. बोलण्याची जागा शाखा नको, सागरेश्वरही नको आणि रात्रीचा फोन तर नकोच. दिवसाउजेडी, तिला उठून जाता येईल अशा ठिकाणी. लग्नाचा विषय तिथे काढूच नका. एवढंच सांगा : "तुझा अहवाल मी लिहिणार नाही, दुसरे अधिकारी लिहितील. तू उद्यापासून माझ्याशी कामापुरतंच बोललीस तरी त्यात काही फरक पडणार नाही." आणि मग थांबा. अहवाल खरोखर दुसऱ्याकडे जाऊन तिची ऑर्डर हातात पडेपर्यंत तुमच्याकडून विचारणा नको. त्यानंतर ती स्वतःहून काय म्हणते, ते तिचं खरं उत्तर.

दुसरं, मुख्य कार्यालयाला पत्र. सगळी हकीकत लिहू नका, कारण लहान गावात असं पत्र फुटलं की चर्चा तुमची कमी आणि तिची जास्त होते. सरव्यवस्थापकांच्या नावे बंद पाकिटात एवढं पुरे :

"शाखेतील कनिष्ठ लिपिक यांच्या परिविक्षा कालावधीचा अहवाल देणे वैयक्तिक हितसंबंधामुळे मला उचित वाटत नाही. तरी सदर अहवाल, तसेच त्यांच्या रजा व कामवाटपाचे निर्णय अन्य अधिकाऱ्याकडे सोपवावेत. आवश्यक वाटल्यास माझी बदली करण्यास माझी हरकत नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. अशा वेळी संस्था सहसा सोपा मार्ग काढते आणि मुलीला जतला नाहीतर आटपाडीला पाठवते. गोष्ट सुरू केली तुम्ही आणि रोज एसटीचे धक्के खाणार ती, असं व्हायला नको. जायचं झालं तर तुम्ही जा. पुढे कोणी तपशील विचारलाच, तर तिला विचारून, तिला चालेल तेवढाच सांगा.

लग्न ठरेपर्यंत गप्प बसणं मला पटत नाही. लग्न ठरलं तर ठीक. मोडलं तर मात्र तुम्ही नाकारलेली तिची प्रत्येक रजा मागे वळून वाचली जाईल. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तिला तक्रार करता येते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहेच. तेव्हा 'आमची शाखा सहाजणांची' हा काही बचाव नव्हे.

रोखपाल काकांचं 'वहिनी' आजच बंद करा. तुम्ही ते हसून सोडून देत असणार, असा माझा अंदाज आहे, आणि आतून बरंही वाटत असेल. पण तुम्ही शाखाप्रमुख आहात. तिला सहा माणसांत त्या हाकेला ओ द्यायला लागणं म्हणजे तिचं उत्तर तुम्ही इतरांकडून वदवून घेणं. काकांना केबिनमध्ये बोलावून, कारण न सांगता, "त्यांना नावाने किंवा मॅडम म्हणा" एवढं सांगा. तुम्हीही शाखेत तेच म्हणा. तिच्या टेबलाशी उभं राहून चहा घेणं, तिला उशिरापर्यंत थांबवून घेणं, कामाच्या मेसेजच्या शेपटाला बदाम लावणं, हे पत्राचा निकाल लागेपर्यंत तरी बंद. जुने मेसेज मात्र पुसू नका. पुसलेला मेसेज तिच्या फोनमध्ये असतोच, आणि मग 'का पुसला' हा नवा प्रश्न तयार होतो.

लग्नाबद्दल एकच सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 69 पाहा. पाळण्याचा इरादा नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याच कलमात नोकरी किंवा बढतीचं आमिष हेही फसवणुकीत धरलंय. खरोखर इरादा असून पुढे लग्न जमलं नाही तर तो गुन्हा नव्हे. वचनभंग वेगळा आणि मुळातच खोटं वचन वेगळं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. पण तुमच्याकडे लग्नाचं वचन आणि नोकरीचा अहवाल दोन्ही एकाच वेळी आहेत. म्हणून घरचे बोलेपर्यंत शब्द जपून द्या.

दोन आठवडे म्हणजे फार वेळ नाही. तिच्याशी बोलणं या रविवारी, पत्र सोमवारी. आणि पाकीट शिपायाच्या हाती न पाठवता स्वतः जाऊन आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.