बंद कार्डावर गेलेला रिफंड: पैसे नेमके कुठे अडकतात आणि परत कसे काढायचे

प्रश्न: ऑर्डर रद्द केली, पण ज्या कार्डाने पैसे भरले ते मी मधल्या काळात बंद केलं. विक्रेता म्हणतो रिफंड सक्सेसफुल, बँक म्हणते आमच्याकडे काहीच आलेलं नाही. नंतर विक्रेत्याने खाते क्रमांक मागितला, तो दिला, तर आता 'डिटेल्स मॅच होत नाहीत' असा मेल. पैसे आहेत कुठे, आणि पुन्हा मिळवायचे कसे?

उत्तर:

दोघंही बहुतेक खोटं बोलत नाहीयेत. विक्रेत्याच्या स्क्रीनवरचं 'सक्सेसफुल' एवढंच सांगतं की त्याच्या बाजूने पैसे निघाले. पुढे ते त्याच्या बँकेकडून कार्ड नेटवर्ककडे आणि तिथून तुमचं कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातात. तुमच्या खात्यात ते पडले का, हे त्या 'सक्सेसफुल'ला माहीतच नसतं.

आता 'कार्ड बंद केलं' म्हणजे नक्की काय केलं, ते आधी बघा. नुसतं प्लास्टिक बदललं असेल, म्हणजे हरवलं म्हणून किंवा मुदत संपली म्हणून नवा क्रमांक आला असेल, तर मागचं खातं जिवंत असतं. बँक बहुतेक वेळा जुन्या क्रमांकावर आलेली रक्कम स्वतःच नव्याकडे वळवते. अशा वेळी थोडं थांबा आणि नव्या कार्डाचं स्टेटमेंट नीट बघा. खातंच बंद झालं असेल तर मात्र दोनच शक्यता उरतात. एक तर रक्कम बंद खात्यावर जमा बाजूला किंवा बँकेच्या एखाद्या तात्पुरत्या खात्यात पडून आहे, किंवा बँकेने ती परत पाठवलीय आणि ती विक्रेत्याच्या बाजूला येऊन बसलीय. तुमचं सगळं काम या दोनांपैकी कोणतं, हे शोधण्याचं आहे. 'रिफंड कधी मिळेल' विचारत बसलात तर महिनाभर तेच ठरावीक उत्तर येत राहील.

ते शोधायचं साधन म्हणजे एआरएन, म्हणजेच ॲक्वायरर रेफरन्स नंबर, ज्यावरून बँक कार्डाचा व्यवहार शोधू शकते. मोठ्या कार्ड नेटवर्कांवर हा २३ अंकी क्रमांक असतो आणि प्रत्येक रिफंडाचा वेगळा असतो. विक्रेत्याला लिहा: 'रिफंडाचा एआरएन, रिफंडाची तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक कळवा.' कस्टमर केअरचा पहिला माणूस बहुधा ऑर्डर क्रमांक किंवा पेमेंट कंपनीचा स्वतःचा संदर्भ क्रमांक पाठवतो. बँकेला त्याचा काही उपयोग नसतो. एआरएनच हवा म्हणून अडून बसा.

आलेला एआरएन तसाच पुढे पाठवू नका. त्याचा आठवा ते अकरावा अंक वाचा. त्यातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. समजा तिथे ५०७४ आहे, तर २०२५ सालचा ७४वा दिवस, म्हणजे १५ मार्च. तुमची खरेदी मार्चमधली आणि रिफंड मे महिन्यातला असेल, तर त्यांनी चुकून खरेदीचाच एआरएन दिलाय. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. बँक प्रामाणिकपणे सांगत होती की हा तर डेबिट आहे, आणि मी तीन फोन उगाच त्यांच्यावर चिडलो.

एआरएन मिळतच नसेल तर आणखी एक शक्यता तपासा. पैसे कदाचित कापलेच गेले नव्हते, फक्त रोखून ठेवले होते. ऑर्डर लगेच रद्द झाली की विक्रेता ती पकड सोडून देतो. त्यात रिफंड नसतो, म्हणून रिफंडाचा एआरएनही नसतो. जुन्या स्टेटमेंटमध्ये व्यवहार पक्का झालेला दिसतोय का, एवढं बघितलं की उलगडा होतो.

माझा किस्सा पुढे सांगतो, कारण त्यातच उत्तर आहे. एका प्रवासाचं बुकिंग रद्द केलं होतं आणि क्रेडिट कार्ड त्याआधीच बंद केलं होतं. चौथ्या दिवशी 'रिफंड झाला' असा मेल आला. खरा एआरएन हातात यायला आणखी अकरा दिवस गेले. बँकेच्या फोनवरच्या बाईंना माझं कार्ड दिसेचना. मग फोन सोडून लेखी तक्रार नोंदवली. त्यात एआरएन, रक्कम, तारीख, जुन्या कार्डाचे शेवटचे चार अंक आणि एकच प्रश्न लिहिला: 'ही रक्कम आपल्याकडे जमा आहे की परत पाठवली? परत पाठवली असल्यास कोणत्या तारखेला?' आठवड्याभरात उत्तर आलं, रक्कम बंद खात्यावर जमा होती. अर्ज, ओळखपत्र आणि नव्या खात्याचा तपशील दिल्यावर ती वळती झाली. विक्रेत्याला पुन्हा काही करावं लागलंच नाही.

तुमच्या बँकेने 'परत पाठवली' किंवा 'आलीच नाही' असं कळवलं, तर ते लेखी घ्या. शिवाय खातं किंवा कार्ड कोणत्या तारखेला बंद झालं याचं पत्र घ्या. ही दोन कागदं जोडून विक्रेत्याला लिहा की परत आलेली रक्कम त्याच्या पेमेंट कंपनीकडे शोधावी. फसलेला रिफंड त्यांच्या यादीत कधीकधी बऱ्याच दिवसांनी 'फेल्ड' दिसतो, तोवर तो 'सक्सेसफुल'च असतो. म्हणून पहिल्या आठवड्यातलं त्यांचं उत्तर अंतिम धरू नका. आणि दुसऱ्या कार्डावर पाठवा म्हणून हट्ट धरू नका. मूळ मार्ग सोडून भलत्याच कार्डावर पैसे पाठवणं हा फसवणुकीचा नेहमीचा रस्ता असल्याने बहुतेक जण नकारच देतात. बँक ट्रान्सफर मागा.

तुमचा दुसरा फटका तिथेच बसलाय. 'मॅच होत नाही' म्हणजे बहुतेक वेळा नाव. ऑर्डरवर पूर्ण नाव, खात्यावर फक्त आद्याक्षरं, किंवा खातं जोडीदाराचं, असं काहीतरी. पासबुक किंवा स्टेटमेंटवर जसं छापलंय, अक्षरशः तसंच नाव द्या आणि त्या पानाचा फोटो जोडा, बाकीचे व्यवहार झाकून. ऑर्डर एका नावाची आणि खातं दुसऱ्याचं असेल तर वाद घालण्यापेक्षा ऑर्डरवाल्याच्या नावाचं खातं देणं सोपं. खाते क्रमांकच चुकला असेल तर मात्र त्याच दिवशी कळवा. तो क्रमांक कोणाचाच नसेल तर पैसे काही दिवसांत परत येतात, पण दुसऱ्या कोणाचा निघाला तर ते परत मिळवणं फार जड जातं.

या सगळ्यात ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन अंक कुठेच लागत नाहीत. ते मागणारा फोन आला तर ठेवून द्या.

चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत वाद घालून पैसे परत मागणं, हा पर्याय मी शेवटी ठेवतो. कार्ड बंद असलं तरी ते देणाऱ्या बँकेकडे वाद दाखल करता येतो, पण त्याला मुदत असते, ती बँकेला आजच विचारून ठेवा. विक्रेता रक्कम पुन्हा पाठवत असतानाच वाद घातलात, तर पैसे दोनदा येऊन एकदा उलटे कापले जातात, आणि विक्रेता पुन्हा पाठवणं थांबवतो ते वेगळंच. मुदत जवळ आली आणि तरीही लेखी उत्तर नसेल, तेव्हा मात्र वाट बघू नका. विक्रेत्याचा 'रिफंड झाला' हा मेल आणि बँकेचं 'आला नाही' हे पत्र, दोन्ही जोडून वाद दाखल करा.