जेवणानंतरची जळजळ: गोळीची वेळ, उशा आणि चालताना होणारी जळजळ

प्रश्न: रात्री जेवून आडवं झालं की छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं. दोन उशा घेतो, जेवण झाल्यावर पँटोप्रॅझोलची गोळी घेतो. दोन आठवडे झाले, फरक नाही. हे साधं पित्तच ना, की आणखी काही?

गोळीपासून सुरुवात करते, कारण औषध ओळखीचं असलं तरी वेळ चुकते आहे. जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे बारीक पंप असतात. आपण जेवायला लागलो की ते कामाला लागतात, आणि ही गोळी चालू असलेल्याच पंपांना बंद करते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप सुरू होतात त्या वेळी औषध रक्तात असतं. जेवणानंतर घेतली तर बराचसा परिणाम वाया जातो. शिवाय पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे जळजळ सुरू झाल्यावर लगेच आराम मिळावा म्हणून ती उपयोगाची नाही. त्या वेळी पातळ अँटॅसिड चालतं, पण त्याचा असर फार काळ टिकत नाही. इतर गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि अँटॅसिडमध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर काही औषधं नीट शोषली जात नाहीत.

आता उशा. मीही वर्षभर हीच चूक केली. दोन उशांवर डोकं आणि मान वर येते, पण शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावर दाब येतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. भरलेल्या पोटावर दाब आला की ती सैल पडते आणि आंबट पाणी वर ढकललं जातं. मी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली साधारण 15 ते 20 सेंटीमीटर उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे ठेवले. पूर्ण पाठच उतारावर आली. माझं जेवण साडेनऊला आणि झोप सव्वादहाला असायची. जेवण साडेसातला आणलं, रात्रीचं ताट हलकं केलं, डाव्या कुशीवर झोपायला लागले. डाव्या कुशीवर जठरातला ऐवज झडपेच्या पातळीखाली राहतो. दहा-बारा दिवसांत रात्री उठून बसणं थांबलं. यांतली एकच गोष्ट जमणार असेल तर जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी होणंही तितकंच कामाचं आहे.

आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारी, आंबट पाण्यासोबत येणारी जळजळ बहुधा आम्लाचीच असते. पण एक प्रकार मला फार जवळून बघावा लागला. माझे थोरले भाऊ, वय 58, मधुमेह आहे. जेवून फिरायला निघाले की दहा मिनिटांत छातीच्या मधोमध जळजळ व्हायची. ते थांबून अँटॅसिड प्यायचे, पाच मिनिटांत बरं वाटायचं. तीन आठवडे श्रेय औषधाला मिळत होतं, खरं तर बरं वाटत होतं थांबल्यामुळे. एकदा जिना चढताना, रिकाम्या पोटीही तसंच झालं, तेव्हा मी हट्टाने दवाखान्यात नेलं. बसल्या-बसल्या काढलेला ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टरांनी पुढे तपासलं आणि हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. चालल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ हृदयाची असू शकते. अँटॅसिडने बरं वाटलं म्हणून हृदयाची शंका फिटत नाही. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटून घाम फुटला, दम लागला, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे गेलं, तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात ही लक्षणं अस्पष्टही असतात.

पोटाच्या बाजूने पाहायचं तर घास छातीत अडकणं मी सर्वांत गंभीर मानते, विशेषतः आधी कोरडं अन्न आणि मग मऊ अन्नही अडकायला लागलं तर. प्रयत्न न करता वजन घटणं, रक्त कमी होणं, सतत उलट्या होणं, किंवा साठीच्या आसपास पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणं, यांतही स्वतः गोळ्या बदलत बसू नका. डॉक्टर बहुतेक दुर्बिणीने तपासायला सांगतील. रक्ताची उलटी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली तर लगेच रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती सहसा अशी चिकट नसते. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण त्यांनी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

तुम्ही लिहिलंय त्यात यांपैकी काही दिसत नाही. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदला, ठोकळे लावा. चार आठवड्यांत उतार पडला नाही तर पुन्हा दाखवा. बरं वाटलं तरी बऱ्याच दिवसांची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, काही दिवस आम्ल उलट जास्त सुटतं आणि त्रास परत आला असं वाटतं.