शेवटच्या टिपणात अडचण नुसती सांगू नकोस

तुझ्या इतिहासाच्या प्रकल्पाच्या शेवटचं, काम करताना आलेल्या अडचणींबद्दलचं टिपण वाचलं. ‘साधनं मिळायला वेळ लागला’ हे वाक्य काढून टाक, ते कुठल्याही प्रकल्पाला चालेल. तुझा विषय १८९७ चा पुण्यातला प्लेग आहे, तर खरी अडचण तिथलीच सांग.

घरझडतीबद्दल तुझ्यापुढे दोन प्रकारची साधनं आहेत. रँडच्या प्लेग समितीच्या सरकारी नोंदी गोऱ्या सैनिकांची बाजू सावरतात, तर ‘केसरी’ त्यांच्या जाचाबद्दल लिहितो. दोन्ही एकाच वेळी, एकाच शहरात लिहिलेलं. त्यात २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर लिहिणारा प्रत्येक जण स्वतःचा बचावही करत होता. म्हणून मजकूर त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे आधी बघ. मग टिपणात असं लिहिता येईल: ‘झडतीच्या वर्णनासाठी मी २२ जूनआधीचा मजकूर प्रमाण धरला, नंतरचा फक्त पडसाद समजण्यासाठी वापरला.’ याला म्हणतात निवड.

तिची किंमतही लिही. या दोन्ही साधनांत ज्या बायकांच्या घरात सैनिक शिरले त्यांचा स्वतःचा आवाज जवळजवळ नाही, त्यांच्या वतीने पुरुषच बोलतात. त्यामुळे ‘लोकांना काय वाटलं’ हा तुझा मूळ प्रश्न ‘लोकांना काय वाटलं असं कोणी लिहिलं’ इथवर आला असेल. तो कधी आणि कशामुळे बदलला, ते तुझ्या वहीतल्या तारखेसकट सांग. मी परीक्षक म्हणून सगळ्यात आधी तेच शोधते.