पन्नास लाखांचा प्लॉट असताना वेगळी रोख कशाला?

प्रश्न: माझ्याकडे गावाबाहेर पन्नास लाखांचा प्लॉट आहे, बँकेत मात्र चाळीसेक हजार. अडीअडचणीला प्लॉट विकता येईलच, मग एफडीत पैसे कशाला अडकवू?

उत्तर: २०१८ मध्ये आम्हीही असंच धरून चाललो होतो. वडिलांना रात्री हार्ट अटॅक आला. दवाखान्याने सकाळपर्यंत दोन लाख भरायला सांगितलं. आमचा प्लॉट तेव्हा सहज चाळीस लाखांचा होता.

सकाळी एका ओळखीच्या एजंटला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सातबाऱ्यावर नावं कुणाकुणाची आहेत?" नाव अजून आजोबांचंच होतं. म्हणजे आधी वारस नोंद करायची, मग फेरफार. त्यात हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस. वडिलांबरोबर दोन आत्यांची नावं लागणार, म्हणजे त्यांच्याही सह्या. पुढे घेणाऱ्याचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढणार, घेणारा कर्ज काढणार असेल तर त्याची बँक आणखी वेळ घेणार, आणि मग कुठे खरेदीखत. प्लॉट तारण ठेवून कर्ज काढावं म्हटलं तर तिथेही हेच कागद लागतात.

एकजण लगेच इसार द्यायला तयार झाला, पण भाव म्हणाला अठ्ठावीस लाख. आमची नड त्याला कळली होती. प्लॉटची किंमत एकच नसते, हे मला त्या दिवशी कळलं. सहा महिने थांबू शकणाऱ्याला एक भाव मिळतो आणि आजच पैसे हवेत त्याला दुसरा. दोन लाखांसाठी आम्ही बारा लाख सोडणार होतो, कारण प्लॉटमधला दोन लाखांचा तुकडा वेगळा काढून विकता येत नाही.

शेवटी आईने पाटल्या आणि गोठ काढून दिले. नऊ तोळे भरले. बँकेत सोनं तपासलं, वजन केलं, आईची एकटीची सही घेतली आणि दीड तासात एक लाख नव्वद हजार खात्यात जमा झाले. एफडी असती तर तेवढंही करावं लागलं नसतं. मोडली तर व्याजात साधारण अर्धा-एक टक्का कापतात, आणि मोडायची नसेल तर तिच्यावरच कर्ज मिळतं.

प्लॉट विकू नका, तो चांगलाच आहे. फक्त दवाखान्यात आधी भरावी लागणारी रक्कम आणि सहा महिन्यांचा घरखर्च एवढे पैसे एफडीत ठेवा, आणि एफडी नवराबायकोच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही काढता येईल अशी करा. सातबाऱ्यावरची नावंही आताच सरळ करून घ्या. आमचं घोडं शेवटी तिथेच अडलं होतं. आणि नावं सरळ असती तरी खरेदीखतावर सही-अंगठा वडिलांचा लागणार होता, आणि ते आयसीयूत होते.