सहीच्या आधी विचारा, दादांचं ऐकू नका

प्रश्न: ऑफर लेटर आलंय, पण त्यात वर्क फ्रॉम होमबद्दल एक अक्षर नाही. रिक्रूटरला आता विचारलं तर ऑफर हातची जाईल का? आणि विचारायचं तरी कसं?

विचारा, आणि सही करायच्या आधीच विचारा. सही झाल्यावर हाच प्रश्न कुरकुर म्हणून ऐकला जातो.

ऑफर जाईल ही भीती माझ्या थोरल्या भावाची लाडकी. त्याच्या मते लेटर आलं की मुकाट सही करायची, बाकीचं आत गेल्यावर बघता येतं. आत गेल्यावर नेमकं काय बघता येतं, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही.

माझ्या वेळी रिक्रूटर फोनवर म्हणाला होता, "हायब्रिड आहे मॅम, आठवड्याला 2 दिवस यायचं." लेटरमध्ये मात्र कामाचं ठिकाण म्हणून ऑफिसचा पत्ता, आणि खाली कंपनी ते गरजेनुसार बदलू शकते असं कलम. शेवटच्या पानावर आणखी एक: या लेटरआधी जे काही बोलणं झालं असेल ते ग्राह्य नाही. म्हणजे फोनवरचे 2 दिवस गेले वाऱ्यावर. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. रिक्रूटरला कंपनीचं सर्वसाधारण धोरण ठाऊक असतं, पण टीमने प्रत्यक्ष किती दिवस यायचं हे बहुतेक वेळा मॅनेजर ठरवतो. म्हणून प्रश्न असा हवा की रिक्रूटरला मॅनेजरकडे जाऊन उत्तर आणावंच लागेल. "फ्लेक्झिबिलिटी आहे ना?" असं विचारलंत तर "हो, आहे ना" एवढंच मिळेल.

मी मेल केला, फोन नाही. साधारण असा: "ऑफरबद्दल आभार, मला रुजू व्हायचं आहे. सही करण्याआधी माझ्या टीमबद्दल एवढं मॅनेजरकडून पक्कं करून कळवाल का? आठवड्याला ऑफिसचे दिवस किती, त्यातले ठरलेले वार कोणते, प्रोबेशनमध्ये हाच नियम आहे का, आणि हजेरी आठवड्याची मोजतात की महिन्याची?"

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि गोची तिथेच होते. समजा 3 दिवसांचा नियम आहे आणि तुम्ही एका आठवड्यात 2 दिवस रजा घेतली. हजेरी आठवड्याची असेल आणि रजा वजा धरत नसतील, तर उरलेले तिन्ही दिवस ऑफिसला जावंच लागतं. महिन्याची असेल तर 4 आठवड्यांत 12 दिवस भरले की झालं, एखादा आठवडा घरून काढता येतो. कार्ड स्वाइपचा रिपोर्ट मॅनेजरच्याही वर जात असेल, तर त्याच्या तोंडी सवलतीचा काही उपयोग नाही.

उत्तर आलं: 3 दिवस, मंगळवार-गुरुवार ठरलेले, तिसरा आपल्या सोयीने. प्रोबेशनचे 6 महिने मात्र पाचही दिवस ऑफिस. दादा लगेच, "बघ, उकरून काढलंस आणि 2 चे 5 झाले." अरे, ते 5 आधीपासूनच होते! मला ते रुजू झाल्यावर कळले असते, इतकाच फरक.

मग मी एकच सवलत मागितली. पहिला महिना रोज येते, कामाची घडी बसली की टीमसारखे 3 दिवस चालतील का? मॅनेजर हो म्हणाला. लेटरचा मसुदा बदलता येत नाही असं एचआरने कळवलं, तेव्हा मॅनेजरला सीसीमध्ये ठेवून तेवढंच मेलवर लिहून घेतलं आणि मग सही केली. प्रोबेशन चालू असतानाच मॅनेजर बदलला. नव्या मॅनेजरने पाच दिवसांचा विषय काढताच तो मेल फॉरवर्ड केला, विषय मिटला.

आता हेही सांगायला हवं की मेल म्हणजे करार नव्हे. पुढे सगळ्या कंपनीलाच 4 दिवस झाले, तेव्हा त्या मेलचा मला काडीचा उपयोग झाला नाही. दादाला ही गोष्ट फार आवडते.

आणि ऑफर कधीच जात नाही असंही नाही. मुलाखतीत ऑफिसला यायचं कबूल करून ऑफरनंतर पूर्ण रिमोट मागितलंत, तर तो सौदा नव्याने करणं झालं, तिथे दार बंद होऊ शकतं. दुसऱ्या देशातून काम करायचं असेल तर कर आणि पगारपत्रकाची भानगड येते, मॅनेजरच्या मनात असूनही कंपनी नाही म्हणू शकते. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही फक्त तपशील विचारताय असं दिसतं. त्यावर बिथरणारी कंपनी पुढे रजेच्या अर्जावरही बिथरेल.

फक्त लेखी उत्तर येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. यावर तरी माझं आणि दादाचं एकमत आहे.