लाळ्या खुरकूत लसीकरणाची सूचना कशी लिहाल

दूध संस्थेचे सचिव म्हणून तुमची ही पहिलीच सूचना, म्हणून सांगतो. फळ्यावर नुसतं 'शिबिर आहे, सर्वांनी यावे' लिहिलंत, तर निम्मी जनावरं रानात चरायला गेलेली असतील. शिवाय सगळी एका जागी गोळा केली आणि त्यात एखादं आजारी निघालं, तर रोग तिथूनच पसरतो. त्यापेक्षा डॉक्टरांना आळीवार गोठ्यांवर न्या आणि मजकूर असा ठेवा:

'मंगळवारी सकाळच्या संकलनानंतर लाळ्या खुरकूतची लस. जनावरे दावणीलाच बांधावीत, धरायला एक माणूस घरी असावा. चार महिन्यांवरील वासरेही दाखवावीत. कानातला बिल्ला पडला असल्यास आधी कळवावे. ताप असलेले, चारा न खाणारे किंवा गाभण जनावर टोचण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.'

जंताचं औषध साधारण पंधरा दिवस आधी पाजायचं असतं, तेव्हा सूचना त्याहून आधी लावा. आदल्या दिवशी लावून काय उपयोग?

लोक जनावर लपवतात ते दुधापायी. लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं घटू शकतं, अंगात कणकण येते, टोचल्या जागी गाठ येते. हे सूचनेतच लिहा, ते दूध संस्थेत चालेल हेही लिहा. घट टिकली किंवा जनावराने चारा सोडला तर डॉक्टरांना बोलवा.

पहिल्यांदाच टोचलेल्या वासरांची नावं वहीत वेगळी काढा. त्यांना महिन्याभराने दुसरा डोस लागतो, मग दर सहा महिन्यांनी.