गाठ ३ सेंटिमीटरची, मग अख्खा सेगमेंट ६ का काढायचा?

प्रश्न: बाबांना हिपॅटायटिस बी मुळे सिरॉसिस आहे. सीटीमध्ये लिव्हरच्या सेगमेंट ६ मध्ये ३ सेंमीची गाठ दिसली, लिव्हरचाच कॅन्सर आहे म्हणाले. सर्जन म्हणतात पूर्ण सेगमेंट ६ काढू. गाठ एवढीशी असताना तेवढीच का काढत नाहीत? आणि लिव्हरवर रेषा आखलेल्या नसतात, तर हा सेगमेंट कुठे संपतो हे त्यांना कळतं कसं?

उत्तर:

रेषा बाहेर नसतात, आत असतात. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून. या दोन्हींच्या जोडीने पित्तनलिका असते आणि तिघींवर मिळून एकच चिवट आवरण असतं. हा जुडगा लिव्हरमध्ये शिरला की फुटत जातो आणि एकेका भागाच्या मध्यात जाऊन संपतो. रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन्स मात्र त्याच्याबरोबर जात नाहीत, त्या दोन भागांच्या मधल्या हद्दीतून वाहतात. पाटाच्या शेतीसारखंच आहे: पाणी देणारी चारी वाफ्याच्या मधोमध, निचऱ्याचा चर बांधाच्या कडेने.

फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद कुइनो यांनी १९५७ मध्ये याच तत्त्वावर लिव्हरचे आठ सेगमेंट पाडले. पुढून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आकडे जातात. सेगमेंट ६ उजवीकडे, खाली आणि मागच्या बाजूला येतो. त्याच्या वर ७ आणि पुढच्या बाजूला ५. सहा आणि पाचच्या मधून उजवी हिपॅटिक व्हेन जाते. सहा आणि सातच्या मध्ये अशी ठळक शीर नसते. तिथली हद्द पोर्टल व्हेनच्या कोणत्या फांदीचं रक्त कुठवर पोचतं यावरूनच ठरते. त्यामुळे पुस्तकातली सरळ रेषा प्रत्यक्षात वेडीवाकडी असते आणि माणसागणिक बदलते.

आता मुख्य मुद्दा. लिव्हरचा मूळ कॅन्सर, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, पोर्टल व्हेनच्या फांद्यांमध्ये घुसतो. सुटलेल्या पेशी त्याच फांदीच्या पुढच्या फाट्यांत जाऊन अडकतात आणि मूळ गाठीच्या आसपास, बहुतेकदा त्याच सेगमेंटमध्ये, बारीक पिल्लं धरतात. ती काही मिलिमीटरची असली तर सीटीत दिसतही नाहीत. गाठीभोवती सेंटिमीटरभर मार्जिन ठेवून गोल काप घेतला तर कापाची कड स्वच्छ येऊ शकते, पण त्याच फांदीवरचा उरलेला भाग आतच राहतो. सेगमेंट मुळापासून काढला की ती फांदी आणि तिच्यावर पोसलेलं सगळं एकत्र बाहेर येतं.

मग आणखी सुरक्षित म्हणून उजवी बाजूच का काढू नये? कारण सिरॉसिस. उदाहरणादाखल लिव्हर १२०० मिली धरू. उजवी बाजू साधारण ६५ टक्के, म्हणजे ७८० मिली. ती काढली तर उरतील ४२० मिली, म्हणजे ३५ टक्के. निरोगी लिव्हर असेल तर २० ते २५ टक्के उरलेलंही पुरतं, पण सिरॉसिसमध्ये किमान ४० टक्के तरी हवं असतं. म्हणजे लिव्हर फेल होण्याची भीती. याउलट सेगमेंट ६ समजा १५० मिलीचा असेल तर १०५० मिली, जवळपास ८७ टक्के, शिल्लक राहतं. ३ सेंमीची गोल गाठ स्वतः जेमतेम १४ मिलीची असते. तिच्यासाठी ७८० मिली देणं परवडत नाही, १५० मिली देणं परवडतं. बाबांच्या सीटीवरून हे आकडे सॉफ्टवेअरने काढता येतात, सर्जनना जरूर विचारा.

ऑपरेशनमध्ये हद्द अशी सापडते. आधी लिव्हरच्या पृष्ठभागावर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून उजवी हिपॅटिक व्हेन आणि सहाकडे जाणारी पोर्टलची फांदी शोधतात. मग ती फांदी तिच्या आवरणासकट मोकळी करून क्लॅम्प लावतात. थोड्या वेळात तेवढाच भाग काळपट पडतो, शेजारचा तांबूसच राहतो. त्या सीमेवर कॉटरीच्या, म्हणजे विजेच्या, चटक्याने खूण करतात. सिरॉसिसच्या खडबडीत, आधीच रंग बदललेल्या लिव्हरवर हा फरक पुसट दिसतो, म्हणून क्लॅम्पनंतर शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचा चमकणारा रंग देतात, बऱ्याचदा २.५ मिलिग्रॅम. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात बाकी लिव्हर हिरवं चमकतं आणि सेगमेंट ६ अंधारा राहतो. जपानमध्ये सर्जन माकुउची यांनी १९८० च्या दशकात याची उलट पद्धत रूढ केली: अल्ट्रासाउंडखाली त्या पोर्टलच्या फांदीतच रंग टोचायचा, म्हणजे काढायचा भागच रंगतो.

इथे एक खोच आहे. सेगमेंट ६ ला एकच फांदी असेल असं नाही, दोन-तीनही असतात. एक चुकली तर भाग ठिगळासारखा अर्धवट काळा पडतो. तेव्हा कापायला न घेता पुन्हा अल्ट्रासाउंड लावून राहिलेली फांदी शोधायची असते.

कापताना लिव्हरकडे येणारं रक्त एकावेळी १५ मिनिटं दाबून धरतात आणि मधे ५ मिनिटं सोडतात. भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर हिपॅटिक व्हेन्समधून उलटा रक्तस्राव होतो. पाचच्या बाजूचं प्रतल बरोबर आहे की नाही हे कापलेल्या पृष्ठभागावरच कळतं: उजवी हिपॅटिक व्हेन लांबीला उघडी दिसली पाहिजे.

हद्द चुकली तर काय होतं, तेही सांगतो. सातची फांदी बांधली गेली तर मागे रक्ताविना तुकडा उरतो. पुढच्या दिवसांत रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी मेल्या की वाढणारं एन्झाइम, अपेक्षेपेक्षा जास्त चढतं, ताप येतो, तुकडा सडून पू होऊ शकतो. उजवी हिपॅटिक व्हेन दुखावली तर उलट गोष्ट: रक्त येतं पण निचरा होत नाही, तो भाग सुजून गर्द होतो. काहींना खालून वेगळी जाड उजवी शीर असते, ती निचरा सांभाळून घेते. सर्वांत चिवट त्रास पित्ताचा. कापलेल्या कडेवरच्या बारीक नळीची गळती बहुधा आपोआप थांबते. पण शिल्लक भागाची नलिकाच मुख्य नळीपासून तुटली तर तो भाग पित्त बनवतच राहतो आणि गळती आटत नाही. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतलं बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त आलं तर ती गळती धरतात. म्हणून पोट बंद करण्याआधी कापलेल्या कडेवर पांढरा गॉज दाबून पिवळा डाग उमटतो का ते बघतात, आणि डॉप्लर अल्ट्रासाउंडने पाच-सातचा रक्तप्रवाह तपासतात.

मात्र हा सगळा हट्ट लिव्हरच्या मूळ कॅन्सरसाठी आहे, आणि तिथेही सेगमेंट काढल्याने आयुष्य किती वाढतं यावर सर्जनांत एकमत नाही. सिरॉसिस जास्त असेल किंवा गाठ अगदी कडेला असेल तर अनुभवी सर्जनही मार्जिनसह छोटा काप पसंत करतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून लिव्हरमध्ये आलेल्या गाठींचं तर वेगळंच गणित. तिथे सेगमेंट धरून बसत नाहीत, गाठ स्वच्छ कडेने निघाली की झालं, कारण पुढे पुन्हा गाठ आली तर कापायला लिव्हर शिल्लक लागतं.